25 लाखांची तारीख

"ताई, मी नागपूरला त्रिमूर्तीनगरात राहते, एका शाळेच्या कचेरीत हिशेब बघते. आमच्या महिला मंडळाचं दोन पानी मासिक पत्रक निघतं, त्यात 'पैशाचं पान' मी लिहिते. मागच्या अंकात हे छापलं होतं: 'दरमहा फक्त 5,000 रुपये एसआयपीत टाका आणि 15 वर्षांनी मॅच्युरिटीला 25,22,880 रुपये मिळवा! एफडीत 7 टक्के व्याज, इथं 12 टक्के. दीर्घ मुदतीत एसआयपी सुरक्षितच असते.' खाली माझ्या चुलतदिराचा नंबर दिला होता, तो म्युच्युअल फंडाचं काम करतो. परवा शेजारच्या काकू पत्रक घेऊन आल्या. म्हणाल्या, 'काहून गं, हे 25 लाख कोणत्या तारखेले भेटतीन?' मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या त्यांच्या 4 लाखांच्या एफडीची मुदत 20 तारखेला संपते. ती पुन्हा न ठेवता सगळी रक्कम यात टाकायची म्हणतात. लग्न तीन वर्षांवर आलंय. मला धस्स झालं. मी 'हमी' हा शब्द कुठंही लिहिला नव्हता. पुढच्या अंकात हाच मजकूर नीट करून छापायचा आहे. खाली ती 'बाजार जोखमीच्या अधीन' वाली ओळ टाकली की पुरे का?"

— एक वाचक, नागपूर

काकूंनी तुमचा मजकूर चुकीचा वाचलेला नाही. त्यांनी तो बरोबर वाचला. रक्कम लिहिलेली, मुदत लिहिलेली, मग तारीख विचारायची तेवढी राहिली होती, ती त्यांनी विचारली. व्यवहारात वचन असंच दिलं जातं, किती आणि केव्हा हे सांगून. त्यासाठी 'हमी' हा शब्द लागत नाही. म्हणून नुसता तो शब्द शोधून खोडण्याने किंवा तळाशी एक ओळ जोडण्याने तुमचं काम होणार नाही. मजकूर मुळापासून पुन्हा लिहावा लागेल. तसा एक मसुदा मी खाली देते, पण आधी त्या चार ओळींत वचन कुठे कुठे दडलं आहे ते दाखवते. तुम्ही दर महिन्याला लिहिता, पुढच्या वेळी ते तुमचं तुम्हाला दिसायला हवं.

'व्याज' या शब्दापासून सुरू करू. व्याज म्हणजे आधी ठरलेला मोबदला. एफडीला व्याज असतं, कारण बँकेने दर लिहून दिलेला असतो. इक्विटी फंडाला व्याज नसतं. तिथे तुमच्या पैशातून शेअर घेतलेले असतात आणि त्यांचा भाव वर गेला तर वाढ, खाली गेला तर घट. 'एफडीत 7 टक्के व्याज, इथं 12 टक्के' या वाक्यात दोन्ही आकडे एकाच जातीचे वाटतात. पहिला बँकेच्या पावतीवर छापलेला असतो, दुसरा गणितासाठी धरलेला असतो. वाचणाऱ्याला ते कळायला काही वाव तुम्ही ठेवला नाही.

तीच गोष्ट 'मॅच्युरिटी'ची. पावतीला मॅच्युरिटी असते, विम्याला असते. नेहमीच्या खुल्या म्युच्युअल फंडाला ती नसतेच. 15 वर्षं ही मुदत तुम्ही ठरवली, फंडाने नाही, आणि त्या दिवशी अमुक रक्कम द्यायला कोणीही बांधलेलं नाही. एसआयपी ही मुळात योजनाच नव्हे, ती पैसे भरण्याची पद्धत आहे. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम फंडात जाते, इतकाच तिचा अर्थ. मग 'एसआयपी सुरक्षित' म्हणजे काय सुरक्षित? धोका पद्धतीत नसतो, पैसे ज्यात जातात त्यात असतो. आणि त्या 'सुरक्षितच'मधला 'च' सगळ्यात महाग आहे. मराठीत एका अक्षराने हमी देता येते. 'मिळतात', 'मिळतातच', 'मिळतील', 'मिळू शकतील' यांतला फरक तुमच्या वाचकांना व्याकरण न शिकताही नेमका कळतो.

पण आता सगळीकडे 'मिळू शकतील' लिहिलं की झालं, असंही नाही. '25 लाख मिळू शकतात' या वाक्यातून वाचणाऱ्याच्या मनात 25 लाखच राहतात, 'शकतात' निसटून जातं. वाक्यात एकच आकडा असेल तर तोच वचन होऊन बसतो. माझ्या मते तुमच्या मजकुरातला सर्वांत मोठा दोष हाच आहे.

त्या आकड्याकडे जरा नीट बघू. 25,22,880 हा आकडा गणकयंत्रातून आलेला आहे हे मी पाहताक्षणीच ओळखलं. महिन्याला 1 टक्का धरून, प्रत्येक हप्ता महिन्याच्या सुरुवातीला गेला असं मानून, 180 हप्त्यांचं चक्रवाढ गणित केलं की नेमका तोच येतो. पण वर्षाचे 12 टक्के म्हणजे वर्षअखेर बरोबर 12 टक्के वाढ असं धरलं, तर महिन्याचा दर 1 टक्क्याहून किंचित कमी पडतो आणि तेच गणित 23 लाख 80 हजारांच्या आसपास थांबतं. हप्ता तोच, मुदत तीच, टक्के तेच, नुसती गणिताची रीत बदलली आणि सव्वा लाखाहून जास्त रक्कम उडाली. अशा आकड्यात शेवटचे 880 रुपये छापणं म्हणजे पंधरा वर्षांनंतरचा पैसा मोजून ठेवल्याचा भास निर्माण करणं. निदान तो गोल तरी करा.

आणि 12 टक्केच का? गेल्या काही दशकांच्या शेअर बाजाराच्या सरासरीवरून हा आकडा गणकयंत्रांत रूढ झाला आहे. सरासरी म्हणजे दरवर्षी 12 नव्हे. एखाद्या वर्षी 30 वर गेला, एखाद्या वर्षी उणे 20 झाला, मधली काही वर्षं जागेवरच बसला, अशा सगळ्यांची ती गोळाबेरीज असते. पुढची 15 वर्षं मागच्यासारखीच जातील असं कोणीच सांगू शकत नाही. फंडवाल्यांनासुद्धा आपल्या जाहिरातीत मागची कामगिरी पुढे टिकेलच असं नाही, हे लिहावं लागतं ते यासाठीच.

आता त्याच 5,000 रुपयांचं त्याच गणकयंत्रावर आणखी दोनदा गणित करा. सरासरी 8 टक्के पडली तर 15 वर्षांनी साधारण 17 लाख 40 हजार होतात. 4 टक्के पडली तर 12 लाख 35 हजार. भरलेली रक्कम तिन्ही वेळा 9 लाखच. तीन आकडे शेजारीशेजारी ठेवले की 25 लाखांचा रंग आपोआप उतरतो, वेगळी भीती घालावी लागत नाही. त्यातला 4 टक्क्यांचा आकडा मी मुद्दाम घेतला आहे, कारण तो तुम्ही लिहिलेल्या एफडीच्या 7 टक्क्यांपेक्षा कमी आहे. बाजारात पैसे घालून एफडीपेक्षा कमी मिळणं शक्य असतं, हे तुमच्या पानावर दिसायला हवं. अनेक लेखांत 12, 13 आणि 15 टक्के असे तीन आकडे देतात. त्याला तीन शक्यता म्हणत नाहीत, ती एकच आशा तीनदा सांगणं झालं.

'दीर्घ मुदतीत सुरक्षित' हे वाक्य मात्र सर्वांत जास्त लोक मनापासून खरं मानतात, बाजारात वर्षानुवर्षं असलेलेही. म्हणून यावर थोडी थांबते. हप्त्याने पैसे भरले की भाव पडलेला असताना त्याच रकमेत जास्त युनिट मिळतात आणि खरेदीचा भाव सरासरीत येतो, हे खरं आहे. सुरुवातीच्या वर्षांत त्याचा आधार मोठा असतो. पण रक्कम वाढत जाते तसा तो आधार पातळ होत जातो.

एक प्रत्यक्ष पडझड घेऊ. जानेवारी 2020 मध्ये निफ्टी 12,300 च्या वर होता. 23 मार्च 2020 ला तो 7,610 वर बंद झाला. सव्वादोन महिन्यांत 38 टक्के घसरण. समजा अशी घसरण तुमच्या एसआयपीच्या पहिल्या वर्षाअखेर आली. भरलेल्या साठ हजारांचे सदतीस हजार दिसतील. नुकसान तेवीस हजारांचं, पाच हप्त्यांपेक्षाही कमी. पुढचे हप्ते स्वस्तात जातील आणि ते भरून निघायला वेळही भरपूर आहे.

आता तीच घसरण पंधराव्या वर्षाच्या शेवटी आली असं समजा. तोवर सगळं मनासारखं झालं, 12 टक्के सरासरी खरोखर पडली, खात्यावर 25 लाख 20 हजार दिसत होते. 38 टक्के उतरले की 15 लाख 60 हजार उरतात. 9 लाख 60 हजार गेले. पंधरा वर्षांत खिशातून भरलेली सगळी रक्कम 9 लाख, आणि दोन महिन्यांतली घट त्याहून जास्त. आता पुढचा 5,000 चा हप्ता स्वस्तात गेला तरी 15 लाखांच्या ढिगापुढे त्याने काय होणार? तुमच्या गणकयंत्रावर उलटं गणित करून पाहा. पंधरा वर्षांचा सरासरी परतावा आता 7 टक्क्यांच्याही खाली येतो, म्हणजे ज्या एफडीला तुम्ही कमी ठरवलं होतं तिच्याही मागे. पैसे बुडालेले नाहीत, 9 चे साडेपंधरा झालेलेच आहेत. पण मुलाची फी त्याच महिन्यात भरायची असेल, तर कागदावरच्या 25 लाखांचा काही उपयोग नाही.

म्हणजे मुदत वाढली की धोका संपतो असं नसतं. मुदतीच्या शेवटाकडे तो रुपयांत मोठा होत जातो. त्यावर जाणकार करतात तो उपाय साधा आहे. पैसे लागायच्या तीनेक वर्षं आधीपासून थोडे थोडे इक्विटीतून काढून एफडीसारख्या ठिकाणी नेत राहायचं. बाजार सावरतोही, 2020 मध्ये तो त्याच नोव्हेंबरपर्यंत जुन्या पातळीवर आला. पण जानेवारी 2008 मध्ये 21,000 च्या वर गेलेला सेन्सेक्स मार्च 2009 मध्ये 8,000 च्या आसपास होता, आणि पुन्हा 21,000 दिसायला नोव्हेंबर 2010 उजाडला. सावरायला दहा महिने लागतील की पावणेतीन वर्षं, हे पडण्याच्या दिवशी कोणालाच माहीत नसतं.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. 2007 च्या दिवाळीत मी सीताबर्डीवर एका वितरकाच्या कचेरीत काम करत होते आणि वाटायची पत्रकं माझ्याकडे होती. एका पत्रकावर मी मोठ्या अक्षरात परताव्याचा आकडा घेतला आणि इशाऱ्याची ओळ नियमाप्रमाणे तळाशी, बारीक टायपात. वर्षभराने, पडझड चालू असताना, एक गृहस्थ आले. शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेलं तेच पत्रक काढलं आणि टेबलावर पसरून आकड्यावर बोट ठेवलं. "ताई, इथं लिहून आहे नं." मी त्यांना तळची ओळ दाखवली. त्यांनी चष्मा काढून, कागद डोळ्याजवळ नेऊन ती वाचली आणि काहीच बोलले नाहीत. मुलाच्या प्रवेशाची तारीख अंगावर आली होती. दोन लाखांचे एक लाख दहा हजार घेऊन ते गेले. ओळ होती, नियम पाळला होता, आणि त्या माणसापर्यंत काहीही पोचलं नव्हतं. तुमच्या प्रश्नाला 'नाही, पुरे नाही' असं उत्तर मी इतक्या ठामपणे देते ते त्यामुळे. ती ओळ जरूर टाका: 'म्युच्युअल फंडातील गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या अधीन असते, योजनेशी संबंधित सर्व कागदपत्रे काळजीपूर्वक वाचा.' पण धोका सांगायचा तो आकड्याच्या शेजारी, त्याच टायपात, आणि रुपयांत. टक्क्यांतली घट डोळ्यांसमोर उभी राहत नाही, 'साडेनऊ लाख कमी' लगेच राहते.

तुमच्या वाचकांपैकी निम्म्यांचं माहेर नाहीतर सासर काटोल-नरखेडकडे असेल, म्हणून एक सुचवते. संत्र्याचा बगीचा उक्ता देणं त्यांना समजावून सांगावं लागत नाही. फळ झाडावर असतानाच व्यापाऱ्याशी एक रक्कम ठरवली की पुढे गारपीट होवो की फळगळ होवो, नुकसान त्याचं, आणि भाव चढला तर फायदाही त्याचाच. रक्कम थोडी कमी, पण ठरलेली. एफडी तशी आहे. उक्ता न देता तोडणीपर्यंत स्वतः थांबलात तर चांगल्या भावाचे सगळे पैसे तुमचे, आणि गाराही तुमच्याच बागेवर. इक्विटी फंड हा दुसरा प्रकार आहे. तुमच्या जुन्या मजकुराने बागेचा फायदा सांगितला आणि तो उक्त्याच्या खात्रीने सांगितला. दोन्ही एकत्र कुठेच मिळत नाहीत. उक्त्यातही एक धोका राहतो, व्यापाऱ्यानेच पैसे थकवले तर. बँकेच्या बाबतीत त्यासाठी ठेव विमा आहे, फेब्रुवारी 2020 पासून एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाखांपर्यंत. पतसंस्थेच्या ठेवीला तो विमा लागू नाही. हे पुन्हा कधीतरी तुमच्या पानावर स्वतंत्र लिहा, नागपुरात त्याची फार गरज आहे.

आता मसुदा. जसाच्या तसा छापला तरी हरकत नाही.

"दरमहा 5,000 रुपयांची एसआयपी केली तर 15 वर्षांनी किती होतील? नक्की रक्कम कोणालाच आधी सांगता येत नाही. एसआयपी म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरलेली रक्कम घालण्याची पद्धत. इक्विटी फंडात ते पैसे कंपन्यांच्या शेअरमध्ये जातात. शेअरचा भाव चढतो तसा उतरतो, म्हणून इथे ठरलेलं व्याज नसतं, मॅच्युरिटीची तारीख नसते आणि घातलेलं मुद्दलसुद्धा कमी होऊ शकतं.

"15 वर्षांत तुम्ही स्वतःचे 9 लाख भराल. सरासरी परतावा वर्षाला 12 टक्के पडला तर त्याचे सुमारे 25 लाख होतात. 8 टक्के पडला तर सुमारे साडेसतरा लाख. 4 टक्के पडला तर सव्वाबारा लाखांच्या थोडे वर, म्हणजे आजच्या एफडीपेक्षाही कमी. याहून कमीही पडू शकतो. हे नुसतं गणित आहे, भविष्य नव्हे. आणि 15 वर्षांनंतरच्या 25 लाखांत, महागाई वर्षाला 6 टक्के धरली, तर आजच्या साडेदहा लाखांइतकीच खरेदी होईल.

"2020 च्या सुरुवातीला शेअर बाजार दोन महिन्यांत 38 टक्के पडला होता. असं तुमच्या शेवटच्या वर्षी झालं तर 25 लाखांच्या जागी साडेपंधरा लाख दिसतील. म्हणून पुढच्या पाच-सात वर्षांत ज्यांची गरज आहे असे पैसे, म्हणजे लग्नाचे, फीचे, दवाखान्याचे, इक्विटी फंडात घालू नका. बाजार पडलेला असताना दोन-तीन वर्षं थांबता येईल अशाच पैशांसाठी हा मार्ग आहे. फंड घेण्याआधी त्याच्या कागदावरचं रिस्कोमीटर बघा. त्यावर जोखमीचे सहा टप्पे असतात आणि बहुतेक इक्विटी फंडांची सुई शेवटच्या, 'अतिशय जास्त' या टप्प्यावर असते.

"म्युच्युअल फंडातील गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या अधीन असते, योजनेशी संबंधित सर्व कागदपत्रे काळजीपूर्वक वाचा. ही सर्वांसाठी दिलेली माहिती आहे, कोणा एकासाठी सल्ला नाही. हे पान लिहिणारीचे एक नातेवाईक म्युच्युअल फंडाचे वितरक आहेत."

शेवटचं वाक्य तुम्हाला टोचेल. पण चुलतदिरांच्या नंबरामुळे तुमचा मजकूर माहितीचा राहिला नव्हता, जाहिरातीचा झाला होता, आणि वाचणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. वितरकाला त्याच्यामार्फत आलेल्या पैशावर फंडाकडून कमिशन मिळतं. त्यात गैर काही नाही, पण लपवणं गैर आहे. नंबर काढून टाका, हा माझा आग्रह आहे. मंडळाने ठेवायचाच म्हटलं तर शेजारी 'वितरक, कमिशन मिळतं' असं लिहा आणि त्यांचा एआरएन, म्हणजे वितरक म्हणून मिळालेला नोंदणी क्रमांक द्या. कोणी तुमच्याकडे येऊन 'मी नेमका कोणता फंड घेऊ' विचारलं तर तिथे थांबा. मोबदला घेऊन असा सल्ला द्यायचा तर सेबीच्या 2013 च्या नियमांप्रमाणे सल्लागार म्हणून नोंदणी लागते. आणि मोबदला घेत नसलात, तरी त्या माणसाचं कर्ज, वय आणि घरची जबाबदारी तुम्हाला ठाऊक नसते.

मसुद्यात मी फंडाचं नाव घातलं नाही आणि 'मागच्या पाच वर्षांत इतके टक्के' असंही नाही. तुम्हाला ते घालायचा मोह होईल, कारण त्याने मजकूर भरीव वाटतो. पण पाच वर्षांचा आकडा कोणत्या महिन्यापासून मोजला त्यावर पार बदलतो. मार्च 2020 च्या तळापासून मोजलं तर कोणताही फंड हिरा दिसेल.

छापण्याआधी एक चाचणी घ्या. पैशाशी फार संबंध न येणाऱ्या दोघींना हा मजकूर वाचायला द्या, कागद परत घ्या आणि विचारा, 'मग 15 वर्षांनी किती मिळतील?' उत्तर '25 लाख' असं आलं तर मसुदा फसला, मग तो माझा असला तरी. अशा वेळी तीन आकड्यांचा क्रम उलटा करा, आधी सव्वाबारा, मग साडेसतरा, शेवटी 25. पहिला आकडा डोक्यात रुतून बसतो, म्हणून तो लहान असू द्या. 'नक्की नाही, बारापासून पंचवीसपर्यंत काहीही, कमीसुद्धा' असं काहीसं उत्तर आलं की छापायला द्या. आणि नवा मजकूर नुसता छापू नका. त्याच पानावर, त्याच जागी, वर लिहा की मागच्या अंकातला मजकूर चुकीचा होता, त्यात धोका सांगितला नव्हता आणि 25,22,880 ही रक्कम मिळण्याची कोणतीही खात्री नाही. जुनं पत्रक अजून कोणाच्या तरी फ्रिजवर चुंबकाखाली असेल.

पण पुढचा अंक निघेपर्यंत 20 तारीख उलटून जाईल. काकूंकडे तुम्हाला आजच जायला हवं. त्यांचा बेत तर तुमच्या मजकुरापेक्षाही धोक्याचा आहे. त्या एसआयपी करत नाहीत, 4 लाख एकदम घालणार आहेत, म्हणजे हप्त्यांमुळे भाव सरासरीत येण्याचा जो थोडा आधार असतो तोही नाही. आणि मुदत पंधरा नव्हे, तीन वर्षं. 38 टक्क्यांची घसरण लग्नाच्या वर्षी आली तर त्या चाराचे अडीच लाख होतील, आणि हॉल, दागिने, जेवणावळ कोणी बाजार सावरेपर्यंत थांबवत नाही. त्यांना माझं नाव सांगा, पत्रक हातात घेऊन 'माझी चूक झाली' असं म्हणा, आणि बगीच्याचंच उदाहरण द्या. लग्नाची तारीख ठरलेली असेल तर बगीचा उक्ता द्यायचा असतो. 4 लाख एकाच बँकेत पुन्हा एफडी केले तर तीन वर्षांचं व्याज धरूनही रक्कम 5 लाखांच्या ठेव विम्याच्या आत बसेल, फक्त त्या बँकेत त्यांच्या नावाची दुसरी ठेव किंवा बचत खात्यात मोठी रक्कम नाही ना, ते विचारून घ्या. मुदत लग्नाच्या दोन-तीन महिने आधी संपेल अशी ठेवायला सांगा. मग त्यांनी कोणत्या तारखेला किती मिळतील असं विचारलं, तर पावतीवर दोन्ही छापलेलं असेल.